बाबांच्या कपाळावरची लव

वर्षश्राद्धाआधी आईला बाबांचा भिंतीवर लावण्याजोगा मोठा फोटो हवा होता. स्पष्ट असा एकच निघाला, साठीतला. त्यात केस दोन्ही कोपऱ्यांतून चांगलेच मागे गेलेले. "मला ते असे आठवत नाहीत. थोडे केस भर," ती पुण्याहून म्हणाली. माझ्या लग्नाआधीच्या एका धूसर फोटोत बाबांचे केस दिसत होते, म्हणून ग्लासगोत बसून मी हे काम हाती घेतलं.

पहिला मोह असतो तो बाजूचे दाट केस उचलून कपाळावर चिकटवण्याचा. पण कानावरचे केस खाली वाहतात, कपाळावरचे पुढे येऊन मग भांगाच्या बाजूला वळतात. शिवाय तीच बट दोनदा दिसली की डोळ्याला लगेच कळतं. म्हणून एकेक केस काढणं भाग होतं.

आणि केसांची रेषा ही मुळात रेषा नसतेच. मागे एकाच छिद्रातून दोन-तीन केस निघतात, पुढच्या कडेला बहुधा एकेकटे. त्याहीपुढे लव, आखूड, बारीक आणि फिकट. ही विरळ होत जाणारी पट्टी नसली की टोप घातल्यासारखं दिसतं.

फोटो मोठा करून मोजलं तर बाबांचा एक केस साधारण तीन पिक्सेल जाड होता. मी तीन लेयर केले. सगळ्यात खाली मऊ ब्रशने हलकी सावली, कारण केसांमधून दिसणारी त्वचा कपाळाएवढी उजळ नसते. त्यावर तीन पिक्सेलचे केस, मुळाशी जाड आणि टोकाला निमुळते. सगळ्यात वर एका पिक्सेलची लव, तिची अपारदर्शकता तीस टक्क्यांच्या आसपास. रंग काळा घेतला नाही, त्यांच्याच केसांतून तीन छटा उचलल्या, एक पांढरी धरून. साठीतल्या चेहऱ्यावर काळेभोर केस म्हणजे सरळसरळ कलप.

एवढं करूनही नवे केस फोटोवर तरंगत होते. फोटोत बारीक दाणे होते, माझे केस मात्र गुळगुळीत. त्यांना किंचित धूसर करून तेवढाच दाणा दिल्यावर ते बसले. मग चित्र आडवं उलटं करून पाहिलं. उजवा कोपरा डाव्याची हुबेहूब नक्कल झाला होता, तो थोडा मोडला.

कोपरे पूर्ण भरायचे का, हा प्रश्न राहिलाच. जुन्या फोटोइतकी रेषा खाली आणून पाहिली, तर कपाळावरच्या आठ्या अर्ध्या केसांत गेल्या आणि खालचे थकलेले डोळे दुसऱ्याच कुणाचे वाटू लागले. म्हणून मधला भाग दाट केला, कोपरे निम्मेच भरले. तिथली त्वचा दिसू दिली.

आईने फोटो बराच वेळ पाहिला. "कोपऱ्यात अजून थोडे होते गं," म्हणाली. मी दोन्हीकडे दहा-बारा केस वाढवले आणि फाइल छपाईला पाठवली.