आधी मनगट

नेरूळच्या ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’त पळायला येणाऱ्यांना मी पळण्याआधी सूर्यनमस्कार घालायला लावतो. पळणाऱ्याला जे हवं ते त्यात आहे. कणा आळीपाळीने पुढे-मागे वाकतो, अश्वसंचालनात मागे गेलेल्या पायाचा खुबा समोरून मोकळा होतो, पर्वतासनात पोटऱ्या ताणल्या जातात. सुरुवातीचे नमस्कार सावकाश, गुडघे किंचित वाकवूनच घालायचे. मग वेग वाढवला की श्वास भरतो, अंगाला घाम सुटतो. पाठीला पीळ आणि बाजूचा झोक मात्र यात नाही. गोलंदाजी करणाऱ्याने तो वेगळा करावा.

पण अंग तापवणाऱ्या या व्यायामात एक सांधा न तापताच कामाला लागतो, तो म्हणजे मनगट. खांदे, खुबे, गुडघे यांच्यावर भार येतो, पण ते मोठे सांधे आहेत आणि रोज भार पेलतात. मनगटाला ती सवय नसते. दंडस्थितीत शरीराचं सुमारे दोन तृतीयांश वजन हातांवर येतं, तेही मनगट मागे काटकोनात दुमडलेलं असताना.

आमच्या गटातले एक गृहस्थ महाप्यात दिवसभर कीबोर्डवर काम करतात. वजन बहात्तर किलो. म्हणजे दंडस्थितीत हातांवर अठ्ठेचाळीस, एकेका मनगटावर चोवीस किलो. रथसप्तमीला एकशे आठ घालायचे म्हणून त्यांनी एकदम संख्या वाढवली आणि मनगटाच्या मागच्या बाजूला, घडीच्या बरोबर मध्यभागी, चिमटा घेतल्यासारखं दुखू लागलं. मी त्यांना बाजूने पाहिलं. साष्टांगात उतरताना खांदे पुढे सरकत होते, कोपरं मनगटांच्या पुढे जात होती. तिथे कोन काटकोनाच्याही पलीकडे दुमडतो. शिवाय सगळा भार तळव्याच्या टाचेवर होता. तर्जनीचं मूळ जमिनीवरून उचललेलं दिसत होतं.

उपाय साधा होता. बोटं पसरून अंगठा आणि तर्जनीच्या मुळाशी जमीन दाबायची, गुडघे आधी टेकवायचे आणि मग छाती सरळ खाली न्यायची. गुडघे टेकले की हातांवरचा भार बराच कमी होतो. तरीही दुखलं तर काही दिवस मुठी टेकवून घालायचे, म्हणजे मनगट सरळ राहतं. आपल्याकडे औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी रुजवलेल्या पद्धतीत एकदा टेकवलेले तळवे परत उठेपर्यंत हलवत नाहीत. म्हणून हात पहिल्यांदा नीट ठेवणं फार महत्त्वाचं. चुकीचा ठेवलेला हात पूर्ण नमस्कारभर चुकीचाच भार घेतो.

आता मी नमस्कारांआधी सगळ्यांना बाकावर तळवे टेकवून मनगटांवर हळूहळू झुकायला सांगतो, अर्धा-एक मिनिट. तुम्हीही हे करा. आणि करंगळीच्या बाजूला दुखत असेल, सूज असेल किंवा हात बधिर होत असेल, तर नमस्कार थांबवून अस्थितज्ज्ञांना दाखवा.