अटॅचमेंटचा मुक्काम : मेलबॉक्स की ड्राइव्ह?

ई-मेलला जोडून आलेली फाइल, म्हणजे नित्याच्या बोलण्यातील अटॅचमेंट, मेलबॉक्समध्येच राहू द्यावी की क्लाउडवर, म्हणजे सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या दूरच्या संगणकांवर आपल्या वाट्याला आलेल्या जागेत, वेगळी काढून ठेवावी, या प्रश्नाचे उत्तर मेलबॉक्स आणि क्लाउड यांची जागा मुळात वेगवेगळी आहे की एकच आहे, यावर अवलंबून असते. गुगलच्या मोफत खात्यात ती एकच आहे. 2013 पासून जीमेल, ड्राइव्ह आणि छायाचित्रे यांच्यासाठी मिळून 15 जीबी जागा दिली जाते आणि तिघांचा वापर त्याच एका खात्यावर मांडला जातो. त्यामुळे जीमेलमध्ये आलेल्या फाइलवरील ड्राइव्हचे चिन्ह दाबले, की फाइल मेलबॉक्समधून ड्राइव्हमध्ये हलत नाही, तिची दुसरी प्रत तयार होते आणि व्यापलेली जागा घटण्याऐवजी वाढते. पुण्यातील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचे मानद सचिवपद प्रस्तुत लेखकाकडे असताना संस्थेच्या जीमेल खात्याची जी आवराआवर करावी लागली, तिचा सगळा हिशेब या एका गोष्टीभोवती फिरत होता.

अशा संस्थेच्या खात्यात येणाऱ्या फाइली संख्येने फार नसतात, पण आकाराने मोठ्या असतात. वार्षिक लेखापरीक्षणाचा अहवाल, इमारतीच्या संरचनात्मक तपासणीचा छायाचित्रांसह अहवाल, कंत्राटदारांची दरपत्रके, सभासदांनी पाठवलेल्या खरेदीखतांच्या स्कॅन केलेल्या प्रती आणि सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त हा त्यांतील मुख्य ऐवज होय. संस्थेचा स्वतंत्र संगणक क्वचितच असतो, सचिव आणि खजिनदार आपापल्या मोबाइलवरून काम करतात आणि आलेले प्रत्येक महत्त्वाचे पत्र समितीच्या सदस्यांकडे पुढे पाठवले जाते. या पुढे पाठवण्यातच जागेची पहिली गळती असते, कारण पाठवलेल्या पत्राची प्रत Sent या विभागात अटॅचमेंटसह राहते.

ही गळती किती मोठी असते, हे कळण्यासाठी ई-मेलमध्ये फाइल कोणत्या रूपात प्रवास करते ते पाहावे लागते. ई-मेलची मूळ रचना साध्या मजकुरासाठी झालेली असल्यामुळे पीडीएफ किंवा छायाचित्र पाठवताना त्यातील माहिती अक्षरचिन्हांत बदलली जाते. बेस-64 नावाच्या या पद्धतीत मूळ माहितीच्या दर 3 बाइटांसाठी 4 अक्षरे लागतात आणि ओळी तोडण्याच्या चिन्हांची त्यात भर पडून फाइल मूळ आकाराच्या सुमारे 1.37 पट होते. याची खात्री कोणालाही करून घेता येते : संगणकावर जीमेल उघडून पत्राच्या तीन टिंबांच्या मेनूतून ते पत्र .eml स्वरूपात उतरवून घेतले आणि त्याचा आकार आतील पीडीएफच्या आकाराशी ताडून पाहिला, की फरक लगेच दिसतो.

आता संरचनात्मक तपासणीच्या 12 एमबीच्या एका अहवालाचा हिशेब मांडता येईल. अहवाल ज्या पत्रासोबत आला ते पत्र सुमारे 16.4 एमबीचे झाले. समितीकडे पुढे पाठवलेल्या पत्राची तेवढ्याच आकाराची प्रत Sent मध्ये राहिली. सर्व सदस्यांना एकाच पत्रातून पाठवल्यामुळे ती एकच राहिली, दोनदा वेगवेगळे पाठवले असते तर दोन राहिल्या असत्या. पुढे अहवाल सुरक्षित राहावा म्हणून तो ड्राइव्हमध्येही जतन केला गेला आणि तेथे तो 12 एमबीचा होता. अशा रीतीने 12 एमबीच्या एका दस्तऐवजाने संस्थेच्या खात्यातील जवळपास 45 एमबी जागा अडवली. दोन्ही पत्रे काढून टाकून केवळ ड्राइव्हमधील प्रत ठेवली तर ती 12 एमबीवर येते. ड्राइव्हचा फायदा एवढाच आणि तो पत्रे खोडल्याखेरीज मिळत नाही.

पत्रे खोडण्याचे काम मात्र वाटते तितके सरळ नाही, कारण जीमेलच्या संकेतस्थळावर किंवा ॲपमध्ये पत्र ठेवून त्यातील अटॅचमेंट तेवढी काढण्याची सोय नाही. गेले तर संपूर्ण पत्र जाते. म्हणून आधी मोठी पत्रे शोधावी लागतात. त्यासाठी शोधपट्टीत पुढील शब्द टाकता येतात :

```
has:attachment larger:10M older_than:2y
in:sent larger:5M
```

पहिल्या ओळीने 10 एमबीपेक्षा मोठी आणि दोन वर्षांहून जुनी पत्रे मिळतात, तर दुसरीने आपणच पाठवलेली मोठी पत्रे समोर येतात. आवराआवरीची सुरुवात दुसऱ्या ओळीपासून करणे संस्थेच्या बाबतीत अधिक सोयीचे ठरले, कारण पुढे पाठवलेल्या पत्रात नवा मजकूर जवळजवळ नसतोच आणि ते काढल्याने काही हरवत नाही. आलेल्या पत्राबाबत मात्र ड्राइव्हमधील प्रत प्रत्यक्ष उघडून, शेवटच्या पानापर्यंत पाहून मगच पुढचे पाऊल टाकणे इष्ट असते. येथे आणखी एक सावधगिरी आवश्यक ठरते. जीमेल एका विषयावरील पत्रे आणि उत्तरे एकाच माळेत दाखवते आणि वरच्या कचरापेटीच्या चिन्हाने ती संपूर्ण माळ खोडली जाते. केवळ जड पत्र काढायचे असेल तर त्या पत्राच्या तीन टिंबांच्या मेनूतील Delete this message हा पर्याय निवडावा लागतो. खोडलेले पत्र 30 दिवस Trash मध्ये राहते आणि तोवर जागाही अडवून ठेवते, त्यामुळे Trash रिकामा केल्याशिवाय आकड्यात फरक पडत नाही.

थंडरबर्डसारखा मेल वाचण्याचा स्वतंत्र प्रोग्राम वापरला तर पत्र ठेवून अटॅचमेंट काढता येते. हा प्रोग्राम अटॅचमेंट वगळून पत्राची नवी प्रत लिहितो आणि जुने पत्र हटवतो. परंतु जीमेलच्या मांडणीनुसार ते जुने पत्र All Mail मध्ये शिल्लक राहू शकते आणि तसे झाल्यास जागा मोकळी होण्याऐवजी थोडी अधिकच व्यापली जाते. म्हणून या मार्गाने जाताना प्रथम एका पत्रावर प्रयोग करून All Mail तपासणे योग्य.

पत्र खोडण्याने होणारी खरी हानी जागेशी नव्हे, संदर्भाशी निगडित असते. कोणी, कोणत्या तारखेला, कोणत्या अटींवर हा दस्तऐवज पाठवला, हे पत्राच्या मजकुरात असते आणि ड्राइव्हमध्ये पोहोचणारी फाइल बहुधा scan0001.pdf अशा नावाची असते. दरपत्रकासोबतच्या पत्रात कंत्राटदाराने दर किती दिवस लागू राहतील ते लिहिलेले असेल, तर केवळ दरपत्रक जपून ते पत्र घालवणे म्हणजे अर्धाच दस्तऐवज जपणे होय. यावर संस्थेत रूढ झालेला उपाय साधा होता : फाइलच्या नावात प्रथम वर्ष, महिना आणि दिवस, नंतर पाठवणाऱ्याचे नाव आणि शेवटी विषय लिहायचा, आणि पत्राचा मजकूर महत्त्वाचा असेल तर ते पत्रही पीडीएफ म्हणून छापून त्याच फोल्डरमध्ये ठेवायचे. मजकुराची अशी पीडीएफ अटॅचमेंटच्या तुलनेत अगदीच हलकी असते.

उपलब्धतेच्या बाजूने पाहता मेलबॉक्स आणि ड्राइव्ह यांतील भेद अधिक खोल आहे. मेलबॉक्समधील फाइल तिथे प्रवेश करू शकणाऱ्यालाच मिळते, त्यामुळे खजिनदाराला जुना अहवाल हवा असल्यास तो कोणीतरी पुन्हा पाठवावा लागतो आणि पुन्हा पाठवला की Sent मध्ये नवी प्रत तयार होते. ड्राइव्हमधील एका फोल्डरचा प्रवेश समितीच्या सदस्यांना त्यांच्या ई-मेल पत्त्यांनिशी दिला, की एकच प्रत सर्वांना दिसते आणि ती केवळ मालकाच्याच जागेत मोजली जाते. मात्र हा प्रवेश Anyone with the link असा सर्वांना खुला ठेवला, तर ती लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला फाइल उघडता येते. सभासदांची खरेदीखते आणि ओळखपत्रांच्या प्रती असलेल्या फोल्डरसाठी म्हणूनच Restricted हा पर्याय, म्हणजे नावानिशी दिलेलाच प्रवेश, आवश्यक असतो.

मालकीचा प्रश्न समिती बदलताना पुढे येतो. मावळत्या पदाधिकाऱ्याने फाइली आपल्या वैयक्तिक खात्यातून चढवल्या असतील, तर फोल्डर सामायिक असूनही त्या फाइली त्याच्याच मालकीच्या राहतात, त्याच्याच जागेत मोजल्या जातात आणि त्याचे खाते बंद झाल्यास सर्वांच्या नजरेतून नाहीशा होतात. वैयक्तिक जीमेल खात्यांमध्ये फाइलची मालकी दुसऱ्याकडे सोपवता येते, पण स्वीकारणाऱ्याने ती मान्य करावी लागते. म्हणून दस्तऐवज पहिल्यापासून संस्थेच्या नावाच्या खात्यातूनच चढवणे आणि पदभार देताना त्या खात्याचा पासवर्ड व त्याला जोडलेला मोबाइल क्रमांक दोन्ही बदलणे, हा नेम संस्थेत लागू करण्यात आला.

मेलबॉक्सच्या बाजूने जाणारा एक गुण मात्र विसरता येत नाही. अटॅचमेंट ही पाठवण्याच्या क्षणी गोठलेली प्रत असते, पाठवणाऱ्याला ती नंतर बदलता किंवा काढून घेता येत नाही; उलट लिंक पाठवली असल्यास मालक फाइल बदलू शकतो, हटवू शकतो किंवा प्रवेश मागे घेऊ शकतो. शिवाय पत्र कोणत्या सर्व्हरवरून केव्हा आले याची नोंद पत्राच्या शीर्षभागात असते आणि ती ड्राइव्हमधील पीडीएफसोबत जात नाही. ज्या व्यवहारात पुढे वाद उद्भवू शकतो, उदाहरणार्थ कंत्राटदाराशी झालेला करार किंवा सभासदाची लेखी तक्रार, तेथे मूळ पत्र अटॅचमेंटसह मेलबॉक्समध्येच ठेवणे आणि त्याची .eml प्रत वेगळ्या डिस्कवर उतरवून ठेवणे श्रेयस्कर ठरते, मग त्यासाठी काही एमबी जागा अधिक गेली तरी चालेल.

जागा संपल्यास परिणाम तात्काळ जाणवतात. 15 जीबीची मर्यादा ओलांडलेल्या खात्यात नवी पत्रे येणे थांबते, पाठवणाऱ्याकडे ती परत जातात आणि ड्राइव्हमध्ये नवी फाइल चढवता येत नाही. इतर सेवांतही मर्यादा अशाच गुंतलेल्या असू शकतात. मायक्रोसॉफ्टच्या मोफत खात्यात मेलबॉक्सला स्वतंत्र 15 जीबी असले, तरी फेब्रुवारी 2023 पासून त्यातील अटॅचमेंट वनड्राइव्हच्या 5 जीबीतही मोजल्या जातात. त्यामुळे कोणत्याही खात्यात आवराआवर करण्यापूर्वी कोणती जागा कशात मोजली जाते ते साठवणुकीच्या पानावर पाहणे ही पहिली पायरी ठरते. त्यानंतर वाटणी कठीण राहत नाही : वारंवार आणि अनेकांना लागणारे दस्तऐवज ड्राइव्हमध्ये एकाच प्रतीत ठेवून त्यांची पत्रे खोडावीत, पुरावा म्हणून लागू शकणारी पत्रे जशीच्या तशी राहू द्यावीत, आणि पुढे पाठवताना अटॅचमेंटऐवजी लिंक पाठवावी, म्हणजे दुसरी प्रत मुळातच निर्माण होत नाही.