मद्य, मेंदू आणि उतारवयातील विस्मरण

संपादकमहाशयांनी यंदाच्या अंकासाठी उतारवयातील विस्मरणावर लिहिण्याची सूचना केली, तेव्हा वयोमानाने होणाऱ्या स्मृतिभ्रंशाविषयी चार शब्द लिहावेत असाच प्रथम मानस होता. परंतु गेल्या पावसाळ्यापासून कळंब्याच्या माझ्या दवाखान्यात येणारे एक गृहस्थ काही केल्या मनातून जात नाहीत, आणि त्यांचे विस्मरण वयाचे नसून मद्याचे असल्यामुळे लेखानेही तीच वाट धरली आहे.

हे गृहस्थ छप्पन्न वर्षांचे. साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात चिटबॉय म्हणून त्यांची हयात गेली, आणि कोणत्या गटात कोणाचा किती ऊस कोणत्या तारखेला लागला, हे त्यांना दप्तर न उघडता सांगता येत असे. पंचवीस वर्षे रोज संध्याकाळी एक क्वार्टर, हा त्यांचा नेम. पण कामावर खाडा नाही, घरात मारझोड नाही, रस्त्यात पडणे नाही, त्यामुळे गाव त्यांना दारुडा म्हणत नव्हते. पुढे घरी काही बिनसले, पिणे वाढले, पंधरा-वीस दिवस अन्न असे पोटात गेलेच नाही, आणि उलट्या सुरू झाल्यावर जवळच्या एका दवाखान्यात त्यांना ग्लुकोजचे सलाईन लावण्यात आले. दुसऱ्या दिवशी डोळे थरथरू लागले, तोल जाऊ लागला, बोलण्यात असंबद्धता आली. घरच्यांनी मानले की दारू अजून उतरलेली नाही. माझ्याकडे आणले, तोवर आठवडा लोटला होता.

मी विचारले, काल कोठे होता? ते प्रसन्न मुद्रेने म्हणाले, "जोतिबाला जाऊन आलो की डाक्टर. गर्दी लई हुती." त्यांच्या पत्नीने कपाळाला हात लावला. "खोटं बोलत्यात बगा. पंधरा दिस उंबऱ्याभाईर पाऊल न्हाई." परंतु ते खोटे बोलत नव्हते. स्मृतीत जेथे पोकळी पडते, तेथे मेंदू जुन्या आठवणीतला एखादा तुकडा आणून बसवतो आणि बोलणाऱ्याची त्यावर पूर्ण श्रद्धा असते. रशियन वैद्य सर्गेई कोर्साकोव्ह यांनी १८८७ पासून ज्या विकाराचे वर्णन केले, त्याचे हे प्रधान लक्षण होय. मी त्यांना तीन शब्द पाठ करावयास दिले. पाच मिनिटांनी शब्द तर नाहीच, पण ते दिले होते हेही त्यांना स्मरेना. मग चालावयास सांगितले, तेव्हा डाव्या पायातील कोल्हापुरी चप्पल मागेच राहिली आणि ते तसेच चार पावले पुढे गेले. चप्पल निसटल्याचे ज्याला कळत नाही, त्याच्या पायाच्या नसा आधीच क्षीण झालेल्या असतात, आणि नसांची ही अवस्था एका महिन्यात होत नाही.

येथे घडले काय, ते थोडे विस्ताराने सांगणे प्राप्त आहे. साखरेचे इंधनात रूपांतर करण्यासाठी मज्जापेशींना थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व लागते. शरीरात त्याचा साठा दोन-तीन आठवड्यांपुरताच असतो, आणि मद्य आतड्यातून होणारे त्याचे शोषणही रोखते. साठा संपत आलेला असताना शिरेतून नुसते ग्लुकोज दिले, तर उरलेसुरले थायमिन त्यातच खर्ची पडते आणि मेंदूच्या खोल भागांतील पेशी मरू लागतात. म्हणून अशा रुग्णाला थायमिनचे इंजेक्शन ग्लुकोजच्या आधी द्यावयाचे असते, आणि तेही गोळीने नव्हे, कारण गोळी पुरेशी शोषली जात नाही. डोळ्यांची थरथर, तोल जाणे आणि भ्रम ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसण्याची वाट पाहू नये. ती बहुसंख्य रुग्णांत एकत्र दिसतच नाहीत. औषध अत्यंत स्वल्पमोल आहे, आणि तरीही वेळेवर दिले जात नाही, याचे मला फार वैषम्य वाटते.

तथापि त्यांच्या एमआरआयमध्ये आठवड्यापूर्वीच्या आघाताखेरीज आणखी एक, जुनी हकीकत नोंदलेली होती. कपाळामागील भागातील वळ्यांमधल्या फटी रुंदावल्या होत्या, मेंदूतील पोकळ्या मोठ्या झाल्या होत्या, दोन्ही गोलार्धांना जोडणारा पट्टा पातळ झाला होता, आणि तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूचा मधला भाग आकसला होता. हे आकुंचन ग्लुकोजने केलेले नव्हते. ते नित्यनेमाच्या पंचवीस वर्षांचे होते.

आता एका वादाकडे वळतो, ज्याने मला वर्षानुवर्षे गुंतवून ठेवले आहे. हे आकुंचन मद्याने होते की केवळ कुपोषणाने? सिडनीचे क्लाइव्ह हार्पर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली मृत मद्यासक्तांच्या मेंदूंची तपासणी करून कपाळामागील भागात मज्जापेशी सुमारे २२ टक्क्यांनी कमी असल्याचे मांडले. उलट कोपनहेगनच्या येन्सेन आणि पाकेनबर्ग यांनी १९९३ मध्ये संपूर्ण मेंदूकवचातील पेशी मोजल्या, तेव्हा एकूण संख्येत त्यांना फरक आढळला नाही. या दुसऱ्या निष्कर्षाचा आधार घेऊन दारूने मेंदूच्या पेशी मरत नाहीत असे सांगणारे सुशिक्षित लोक मला भेटतात. पण त्याच डॅनिश अभ्यासात श्वेतद्रव्य, म्हणजे पेशींना परस्परांशी जोडणाऱ्या तंतूंचा भाग, घटलेला आढळला होता, हे ते सांगत नाहीत. पानगळ झालेल्या रानात कोणी नुसते बुंधे मोजले, तर झाडे तेवढीच भरतील. माझ्या मते दोन्ही पक्षांचा पुरावा एकत्र वाचावयास हवा: थायमिनच्या अभावाने खोल भागातील पेशी मरतात, आणि मद्य स्वतः तंतू व शाखा झडवते, शिवाय कपाळामागील भागात काही पेशीही नष्ट होत असाव्यात. शाखा पुन्हा फुटू शकतात. म्हणूनच मद्य सुटल्यावर काही महिन्यांत मेंदूचे आकारमान अंशतः भरून येते, आणि मेलेल्या पेशी मात्र परत येत नाहीत.

ही झीज फार उशिरा उघड होते, याचे कारण असे की मेंदूजवळ राखीव शक्ती पुष्कळ असते. ती पन्नाशीपर्यंत नुकसान झाकून ठेवते, आणि पुढे वयाची स्वाभाविक घट किंवा रक्तवाहिन्यांचा विकार त्या नुकसानात मिसळला की झाकण निघते. ब्रिटनमधील ५५० सरकारी नोकरांच्या पिण्याच्या नोंदी तीस वर्षे ठेवून अखेरीस त्यांचे मेंदू तपासण्यात आले; २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आरंभी कोणीही मद्यासक्त नव्हते, तरी जे अधिक पीत होते, त्यांच्यात स्मृतीचे केंद्र आकसण्याचे प्रमाण अधिक होते. फ्रान्समधील रुग्णालयांच्या दप्तरांवरून २०१८ मध्ये असे दिसले की पासष्टीच्या आत स्मृतिभ्रंश झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांच्या बाबतीत अतिमद्यपानाची नोंद होती. अशा अभ्यासांवरून एकट्या माणसाच्या बाबतीत कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे मान्य. पण आमच्याकडे साठीचा माणूस विसरू लागला की ‘वय झालं’ म्हणून प्रकरण निकालात निघते, आणि तिशीपासून तो किती पीत होता, ही विचारपूस कोणी करीत नाही.

थायमिनची इंजेक्शने दिल्यावर आमच्या गृहस्थांचे डोळे चार दिवसांत स्थिरावले. मद्य बंद होऊन सहा महिने झाले. चाल बरीच सुधारली आहे, दुसऱ्या एमआरआयमध्ये फटी थोड्या भरलेल्या दिसतात. काल काय झाले, हे मात्र ते अजून सांगू शकत नाहीत. जुन्या गटांच्या ऊसनोंदी अद्याप बिनचूक सांगतात.

मागच्या खेपेस त्यांचा चौतीस वर्षांचा मुलगा, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला असलेला, दाराशी घुटमळला आणि म्हणाला, "मीबी रोज एक क्वार्टरच घेतोय. तेवढं चालतंय न्हवं?" मी कागदावर मांडून दाखवले. क्वार्टर म्हणजे १८० मिलिलिटर, तीत ४२.८ टक्के मद्यार्क, म्हणजे सुमारे ७७ मिलिलिटर. ब्रिटिश मापाने १० मिलिलिटरचे एक एकक धरले, तर आठवड्याची एककेच चोपन्न होतात. आणि ब्रिटनमधील सरकारी नोकरांच्या त्या अभ्यासात चौदा ते एकवीस एककांच्या गटातही स्मृतिकेंद्राच्या उजव्या भागाचे आकुंचन न पिणाऱ्यांच्या तिपटीने संभवत होते. तो म्हणाला, "मग आजपास्नं बंद." मी त्याला थांबवले. रोज एवढे पिणाऱ्याने एकाएकी सोडले, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हात कापणे, घाम सुटणे, भास होणे, क्वचित फिट येणे, हे सारे उद्भवू शकते. तेव्हा ते देखरेखीखाली व्हावयास हवे. थायमिन त्याच दिवशी सुरू केले, यकृताच्या तपासण्या लिहून दिल्या, आणि सोमवारी भरती व्हावयाचे ठरवून त्याच्या पत्नीला आत बोलावले व कोणती लक्षणे दिसताच रात्री-बेरात्री फोन करावयाचा, ते समजावून सांगितले.