पक्षिमित्र आणि परंतुक

आमचे एक बालमित्र बेळगावात मराठीचे शिक्षक होते. निवृत्त होऊनही गल्लीत त्यांना सर्वजण मास्तरच म्हणतात, आणि आम्हीही. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी ते छत्री न मिटताच आमच्या कचेरीत शिरले. त्यांच्या भाचीने महाराष्ट्रातील एक भरती परीक्षा दिली होती. तिची उत्तरतालिका त्या दिवशी जाहीर झाली होती आणि हरकत नोंदवण्यास तीन दिवसांची मुदत होती. निवड यादीची सीमारेषा एकेका गुणावर ठरते हे आम्ही अनेक पक्षकारांच्या बाबतीत पाहिलेले असल्याने मास्तरांची घाई आम्हांस समजत होती.

प्रश्न असा होता : शासनमान्य लेखननियमांनुसार अचूक लिहिलेला शब्द ओळखा. पर्याय चार : (१) बुद्धीवैभव (२) पक्षिमित्र (३) प्राणीसंग्रह (४) नदितीर. भाचीने दुसरा पर्याय निवडला होता. तालिकेत तिसरा होता.

मास्तर म्हणाले, "तालिका चूक आहे. हरकत लिहून दे."

आम्ही तालिकेची बाजू घेतली. त्यात थोडा व्यवसायाचा अभिनिवेश होता, हे कबूल केले पाहिजे. कानपूर विद्यापीठ विरुद्ध समीर गुप्ता या १९८३ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, तालिकेतील उत्तर बरोबरच आहे असे गृहीत धरावे. ते चूक आहे हे स्पष्टपणे दाखवून देता आले पाहिजे, केवळ तर्काची साखळी लांबवून नव्हे. हे आम्ही मास्तरांस ऐकवले. वर व्याकरणाचाही दाखला दिला, कारण तो नियम आम्हांस शाळेपासून पाठ होता : तत्सम सामासिक शब्दाचे पूर्वपद मुळात ऱ्हस्वान्त असेल तर ऱ्हस्वान्त लिहावे आणि दीर्घान्त असेल तर दीर्घान्त. म्हणून 'बुद्धिवैभव', आणि म्हणून 'लक्ष्मीपुत्र'. बुद्धि हा शब्द संस्कृतात ऱ्हस्वान्त, तेव्हा पहिला पर्याय बाद. नदी दीर्घान्त, तेव्हा चौथा बाद. उरले दोन. पक्षी दीर्घ आहे, प्राणीही दीर्घ आहे. मग 'प्राणीसंग्रह' बरोबर आणि 'पक्षिमित्र' चूक. तालिका नियमाला धरूनच आहे, असा आमचा युक्तिवाद.

मास्तर हसले नाहीत. "पक्षी दीर्घ आहे, हे तुला कोणी सांगितलं?"

"डोळ्यांना दिसतं की."

"तू मंत्रिमंडळ कसं लिहितोस?"

आम्ही थबकलो. 'मंत्रिमंडळ' आम्ही ऱ्हस्वच लिहितो. तसेच छापलेले पाहत आलो. पण हार मानणे वकिलाच्या स्वभावात नसते. तो रूढीने आलेला अपवाद असेल, असे आम्ही म्हणालो. यावर आवाज चढले, चहा निवला, आणि एकदा तर मास्तरांनी छत्री उचललीही. शेवटी तेच म्हणाले, "तू कोर्टात कायद्याचं पुस्तक न उघडता बोलतोस काय रे?"

हा टोला वर्मी बसला. कपाटात नियमांची पुस्तिका होती. मराठी साहित्य महामंडळाचे हे नियम एकूण अठरा. चौदा १९६२ मध्ये मान्य झाले, उरलेले चार १९७२ मध्ये त्यांना जोडले गेले. ऱ्हस्व-दीर्घाचे प्रकरण काढून आम्ही मोठ्याने वाचू लागलो. आम्हांस पाठ असलेला भाग शब्दशः तिथे होता. तो संपताच आम्ही विजयी मुद्रेने वर पाहिले.

"पुढे वाच," मास्तर म्हणाले.

पुढे नेमके ते होते, ज्याला आमच्या कायद्याच्या भाषेत परंतुक म्हणतात. विद्यार्थिन्, गुणिन्, प्राणिन्, पक्षिन् हे शब्द संस्कृतात इन् या अंताचे आहेत. मराठीत ते सुटे येतात तेव्हा शेवटचा न् लोपतो आणि त्याच्या आधीचा इकार दीर्घ होतो : विद्यार्थी, प्राणी, पक्षी. पण हेच शब्द समासाच्या पूर्वपदी आले की न् तर जातो, मात्र इकार ऱ्हस्वच राहतो. म्हणून विद्यार्थिमंडळ, प्राणिसंग्रह, पक्षिमित्र. आम्ही डोळ्यांना दिसणारा 'पक्षी' पाहिला होता. नियम मूळ शब्द पाहतो, आणि मुळात तिथे दीर्घ ईकार नाहीच.

आता प्रश्न उरला तो व्यवहाराचा. संस्कृत न शिकलेल्या मुलीने परीक्षेच्या खोलीत मूळ शब्द ओळखावा कसा? मास्तर वर्गात एक खूण सांगत. शब्दाचे स्त्रीलिंगी रूप करून पाहावे. विद्यार्थी–विद्यार्थिनी, योगी–योगिनी, स्वामी–स्वामिनी, पक्षी–पक्षिणी. लपलेला न् परत येतो, कधी ण् होऊन, आणि त्याच्या आधीचा इकार ऱ्हस्व असल्याचे दिसते. नदी, लक्ष्मी, पृथ्वी यांत असा न् कोठूनच येत नाही; ते मुळातच दीर्घ. 'प्राणी'चे स्त्रीलिंगी रूप प्रचारात नाही, तिथे 'प्राणित्व' आठवावे.

मात्र ही खूण डोळे झाकून लावता येत नाही, हेही त्यांनीच बजावले. नियम तत्सम शब्दांपुरता आहे. माळीण, धोबीण यांतही न् सारखे काही ऐकू येते, पण ते मराठी प्रत्ययाचे काम. म्हणून 'माळीकाम' दीर्घच. हत्तीचे उदाहरण आम्हांस फार आवडले : हस्तिन् हा संस्कृत शब्द जसाच्या तसा आला म्हणून 'हस्तिदंत' ऱ्हस्व, आणि त्याच शब्दापासून बदलत आलेला हत्ती मराठीचा झाला म्हणून 'हत्तीखाना' दीर्घ. एकाच जनावराची दोन लेखने, दोन्ही बरोबर.

म्हणजे तिसरा पर्याय चूक होता आणि दुसरा बरोबर. तालिका करणाऱ्याने बहुधा आमच्यासारखाच अर्धा नियम वाचला असावा.

मास्तरांनी थंड चहा घोटभर घेतला आणि विचारले, "तुझ्या त्या कानपूरच्या खटल्यात शेवटी जिंकलं कोण?"

"विद्यार्थी," आम्ही म्हणालो. ते खरेच होते. तालिका बरोबर मानावी हे तत्त्व सांगूनही न्यायालयाने मान्यताप्राप्त पाठ्यपुस्तके पाहिली आणि त्या प्रकरणात तालिकाच चुकल्याचे ठरवले. हाही निवाड्याचा उत्तरार्धच, जो आम्ही सांगायचे सोयीस्करपणे टाळले होते.

मग हरकत लिहावयास बसलो. मास्तरांना दोन पाने लिहायची होती. व्युत्पत्ती, पाणिनी, सारे काही. आम्ही नकार दिला. तपासणाऱ्याला तर्काची साखळी द्यायची नसते, छापील ओळ दाखवायची असते. प्रश्नक्रमांक, तालिकेतील उत्तर, आमचे म्हणणे, आणि पुस्तिकेच्या त्या पानाची प्रत, ज्यावर परंतुकाखाली रेघ ओढलेली. प्रश्नातच 'शासनमान्य लेखननियमांनुसार' असे शब्द होते, तेव्हा दुसऱ्या कोणत्या कोशाचा आधार जोडण्याचे कारण नव्हते. चार पर्यायांचा निकाल चार वाक्यांत लावला. भाचीने शुल्क भरून त्याच रात्री हरकत दाखल केली.

निघताना मास्तरांची नजर आमच्या टेबलावरील एका दाव्याच्या मसुद्यावर गेली. त्यांनी खिशातले पेन काढले आणि न विचारता एका शब्दाभोवती वर्तुळ केले. आम्ही लिहिले होते, 'वादीपक्षाचे म्हणणे असे की'.

"वादिन्," ते म्हणाले. "स्त्रीलिंगी रूप कर."

वादिनी. तीस वर्षे आम्ही तो शब्द चुकीचा लिहीत आलो होतो, आणि प्रतिवादिपक्षाच्या एकाही वकिलाने कधी हरकत घेतली नव्हती.