फाट्यावरचा एकच प्रश्न

मुलांना सांगायच्या गोष्टींतली माझी आवडती गोष्ट एका फाट्यावर घडते. गंगी आणि तिचा धाकटा भाऊ म्हादू मामाच्या गावाला निघालेत. वाटेला दोन फाटे फुटतात. एक गावाला जातो, दुसरा रानात. वडाच्या पारावर दोन म्हातारे बसलेत. एक कायम खरं बोलतो, दुसरा कायम खोटं. दोघांना एकमेकांची खोड पक्की माहीत. विचारायचा मात्र एकच प्रश्न, तोही एकालाच.

अशा कोड्यांचं अख्खं पुस्तक रेमंड स्मुलियन यांनी १९७८ साली काढलं. गोष्ट सांगणारे बरेचदा घाईघाईने उत्तर सांगून मोकळे होतात. मला मात्र त्याआधीची पोरांची झटापट प्यारी. म्हादू सरळ वाट विचारायला निघतो, तर गंगी त्याची बाही ओढते. "अरे, सांगणारा खरा की लबाड, ते कसं कळणार?" म्हादू म्हणतो, "मग आधी दोन न् दोन किती ते विचारतो." लबाड सापडेल, पण वाट विचारायला प्रश्नच उरणार नाही.

मग गंगी काटकीने धुळीत रेघा ओढते. समज, गाव डावीकडे आहे. खऱ्याला विचारलं, "हे दुसरे आजोबा गावाची वाट कुठली सांगतील?" दुसरा लबाड, तो उजवी सांगणार, खरा तेच जसंच्या तसं सांगेल: उजवी. आता तेच लबाडाला विचारू. खरा डावी सांगेल हे त्याला ठाऊक आहे, पण तो उलटवणार: उजवी. कुणालाही विचारा, उत्तरात एक खरं आणि एक खोटं येतंच, म्हणून ते नेहमी चुकीचं. पोरं उत्तर ऐकतात आणि दुसरी वाट धरतात.

गंमत अशी, की दोघांपैकी लबाड कोण, हे त्यांना शेवटपर्यंत कळत नाही. बरेच ऐकणारे इथे हिरमुसतात. मला तर हीच गोष्टीची खरी कमाई वाटते. पोरांना वाट हवी होती आणि त्यांनी तेवढीच विचारली.

एखादं चौकस पोर हमखास विचारतं, "पण लबाड मधूनच खरं बोलला तर?" तर गंगीची युक्ती कोसळते. तिचा सगळा भार लबाडाच्या नेमस्तपणावर आहे, त्याने एकदाही चुकून खरं बोलता कामा नये. मनाला येईल ते बोलणाऱ्याच्या उत्तरातून काहीच हाती लागत नाही. जॉर्ज बूलोस यांनी १९९६ साली मांडलेल्या कोड्यात असा एक लहरी देव आहेच. तिथे तीन देव आणि तीन प्रश्न असतात. पहिला प्रश्न बहुधा खर्ची पडतो तो जो नक्की लहरी नाही असा एक देव हुडकण्यात. पुढचे दोन्ही प्रश्न मग त्यालाच विचारायचे. गंगीजवळ तर प्रश्नच एक होता.