मायना आधी, मजकूर मग

मोडी पत्राचा फोटो समोर आला की नवशिका वाचक पहिल्या ओळीपासून अक्षर लावायला बसतो. मी आधी माहीत असलेली वाक्यं शोधतो. बोरू न उचलता ओढलेली अक्षरं, शब्दांत मोकळी जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. अशा ओळीत शिरायला मायन्यासारखी दुसरी वाट नाही.

पेशवेकालीन खासगी पत्राचा साचा बहुधा ठरलेला असतो. वर मधोमध श्री, मग ‘राजश्री अमुक गोसावी यांसी’, त्यानंतर ‘विनंती येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लेखन करीत जाणे’ आणि ‘विशेष’. काय लिहिलंय हे इथे आधीच ठाऊक असतं, म्हणून या ओळींतून त्या लेखकाचा र, ज, क, ल, ण, ख कसा वळतो ते टिपून घ्यावं. खरा मजकूर ‘विशेष’नंतर सुरू होतो आणि तो वाचायला हीच अक्षरं कामी येतात.

तारीख पुष्कळदा ‘येथील कुशल’ला लागूनच येते. समजा ‘छ ७ जमादिलाखर सु॥ इहिदे सितैन मया व अलफ’ असं आहे. छ म्हणजे चंद्र. साल अरबी शब्दांत, एककापासून वर चढणारं: एक, साठ, शंभर, हजार, म्हणजे सुहूर ११६१. सुहूर साल मृगाला, मे-जूनच्या सुमारास बदलतं. त्यामुळे त्यापुढच्या डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून ६०० मिळवले की इसवी सन येतो. महिना मात्र हिजरी, म्हणून तो कुठल्या ऋतूत पडला ते जंत्रीत पाहावं लागतं. इथे तो जानेवारी १७६१ च्या मध्याला येतो, पानिपतच्या दिवसांत.

धोका ‘सितैन’मध्ये आहे. घाईच्या हातात तो ‘सबैन’सारखा दिसतो आणि साठाचे सत्तर होतात. तिथीने ही चूक पकडता येत नाही, कारण चंद्र ७ कुठल्याही वर्षी शुद्ध अष्टमीच्या आसपासच येणार. ऋतू मात्र पकडून देतो. हिजरी महिना दरवर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकतो. दहा वर्षांनी तोच दिवस सप्टेंबरच्या शेवटाला जातो. पत्रात कडाक्याच्या थंडीचा उल्लेख असेल तर साठच खरे. दसऱ्याच्या मोहिमेची तयारी चालली असेल तर सत्तरांकडे वळावं.

कित्येक पत्रांत साल नसतंच, नुसता चंद्र आणि महिना असतो. तेव्हा ऋतू आणि मजकुरातली माणसं यांवरून साल काढावं लागतं, आणि ते आपण काढलेलं आहे हे दाखवायला लिप्यंतरात चौकटी कंसात द्यावं. फोटो मागवताना कागदाची पाठही मागवावी. जोडावरचा शिक्का किंवा पोचल्याची नोंद तिथे असते, आणि साल कधीकधी तिच्यातच सापडतं.