x = 1 चे दोन मार्क

प्रिलिमच्या पेपरातले ते दोन मार्क माझ्या भाचीचे होते, तरी आठवलं की अजून माझंच डोकं तापतं. ती तेव्हा बारावी सायन्सला होती आणि तिचं गणित मी घ्यायचो.

प्रश्नात f चा नव्हे, f′ चा ग्राफ दिला होता. वक्र खालून वर येतो, x = 1 ला अक्षाला टेकतो आणि परत खाली वळतो. x = 3 ला तळ गाठून पुन्हा चढतो आणि x = 4 ला अक्ष ओलांडतो. भाचीने लिहिलं: x = 4 पर्यंत f कमी होत जातं, पुढे वाढतं, म्हणून x = 4 ला मिनिमम; दुसरा एक्स्ट्रीम पॉइंट नाही. त्याखाली लाल शेरा: "x = 1 राहिला."

अहो, राहिला कसा? तिथे f′ शून्य आहे हे तिला दिसत होतंच. पण त्या शून्याच्या डावीकडे f′ ऋण आणि उजवीकडेही ऋण. घाट उतरताना मध्ये पावलाएवढी सपाट जागा लागली, म्हणून ती काही दरी होत नाही. ऋणाचं धन झालं तर मिनिमम, धनाचं ऋण झालं तर मॅक्सिमम. चिन्हच बदललं नाही तर दोन्ही नाही.

मी कॉलेजात जाऊन सरांना भेटलो. ग्राफशी जुळणारं f′(x) = (x − 1)²(x − 4) कागदावर मांडलं. x = 0.9 ला −0.031, x = 1.1 ला −0.029. दोन्ही ऋण. सरांनी पाहिलं आणि म्हणाले, "मॉडेल आन्सर सगळ्यांना सारखंच लावलंय." म्हणजे चूक सगळ्यांना सारखी वाटली की तो न्याय! मार्क वाढले नाहीत ते नाहीतच.

त्याच वर्गात बऱ्याच मुलांनी x = 3 ला मिनिमम लिहिलं होतं. डोळ्यांना तळ दिसतो ना! पण तो तळ f′ चा. f तिथे उतरतच असतं. f′ चढत असेल तिथे f कॉन्केव्ह अप, उतरत असेल तिथे कॉन्केव्ह डाउन. म्हणून 1 पर्यंत अप, 1 ते 3 डाउन, पुढे पुन्हा अप. आणि 1 व 3 हे इन्फ्लेक्शन पॉइंट. तेव्हा x = 1 ला महत्त्व आहेच, पण ते या कारणाने.

रागाच्या भरात मी तेव्हा म्हणालो होतो की समीकरण न देता असले प्रश्न विचारूच नयेत. आता उलट वाटतं. समीकरण दिलं की मुलं अवयव पाडून मोकळी होतात, ग्राफकडे बघतच नाहीत. प्रश्न जरूर विचारा. फक्त f′ जिथे शून्य होतं, तिथे दोन्ही बाजूंची चिन्हं लिहायला लावा आणि मार्क त्या चिन्हांना द्या.